लॅबनेही ६.६ म्हटलं, तरी मधुमेह नव्हता

सातपुड्याच्या पायथ्याशी तालुक्याच्या गावी माझं क्लिनिक आहे. एप्रिलच्या एका दुपारी ४३ वर्षांच्या एक अंगणवाडी सेविका आल्या. तीन-चार महिन्यांपासून थकवा, चार पायऱ्या चढल्या की धाप, रात्री पोटऱ्यांत गोळे. त्यांच्या आईला मधुमेह होता आणि दोन वर्षांपूर्वी आईच्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. ताई तब्येत दाखवायला आल्या नव्हत्याच, "सर, मला शुगर झाली आहे का तेवढं सांगा" असं विचारायला आल्या होत्या.

आमच्याकडे तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, जागेवर मोजणारं छोटं यंत्र आहे. सिस्टरनी बोटाला टोचलं, सहा मिनिटं थांबलो, पडद्यावर आकडा आला ६.९. मधुमेहाची रेषा ६.५ वर आहे. आई मधुमेही, अंगात थकवा आणि आकडा ६.९. मी केसपेपरवर मेटफॉर्मिन लिहायला पेन टेकवला होता.

थांबलो ते एका साध्या गोष्टीमुळे. सिस्टरनी त्याच टोचण्यातून ग्लुकोमीटरवरही एक थेंब घेतला होता आणि तिथे आलं होतं ११८. ताईंना जेवून दोन तास झाले होते, दोन भाकऱ्या, डाळ आणि वर चहा. एचबीएवनसीवरून सरासरी साखर काढायचं एक ठरलेलं सूत्र आहे: आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ६.९ चे होतात १५१. म्हणजे यंत्राच्या मते या बाईची साखर रात्रंदिवस सरासरी दीडशेच्या घरात असायला हवी, आणि जेवणानंतर, जेव्हा ती सगळ्यात वर असते, तेव्हाच ती ११८ सापडते. एकदाची साखर तीन महिन्यांचा पुरावा ठरत नाही हे खरं. पण दोन आकडे इतके तोंड फिरवून बसले असतील तर आधी त्यांचं भांडण मिटवायचं, गोळी नंतर.

थेंब, यंत्र की रक्त

अशा वेळी बहुतेक जण "लॅबमधून कन्फर्म करून घ्या" म्हणतात. मीही म्हणतो. पण कन्फर्म म्हणजे नेमकं काय तपासायचं, हे ठरवलं नाही तर लॅबचा रिपोर्टसुद्धा फसवतो, आणि या प्रकरणात तो फसवणारच होता.

चूक तीन ठिकाणी असू शकते. थेंब घेताना, यंत्रात, किंवा खुद्द त्या माणसाच्या रक्तात. पहिल्या दोन चुका लॅबमध्ये पकडल्या जातात. तिसरी लॅबमध्ये गेली तरी तशीच राहते, कारण रक्त तेच असतं.

थेंबापासून सुरुवात केली. आमच्या यंत्राला फक्त एक मायक्रोलिटर रक्त लागतं, मोहरीच्या दाण्याएवढंही नाही. एवढ्याशा रक्तात छोट्या चुका मोठ्या होतात. कार्ट्रिज, म्हणजे प्रत्येक तपासणीला लागणारी रसायनं भरलेली छोटी डबी, फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत असते. ती बाहेर काढून पाकीट न फोडता दहा मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवायची असते. गर्दीच्या वेळी ही दहा मिनिटं कुणालाच परवडत नाहीत आणि थंड कार्ट्रिज थेट यंत्रात जाते. बोटावरचं स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, बोट पिळायचं नाही. बारीक काचनळी तोंडापर्यंत भरली पाहिजे, आत बुडबुडा नको. नळीच्या बाहेरच्या अंगाला लागलेलं रक्त टिश्यूने पुसायचं, पण टिश्यू नळीच्या तोंडाला लागता कामा नये, नाहीतर आतलं रक्त शोषलं जातं. आणि नळी भरल्यापासून पाच मिनिटांत तपासणी सुरू झाली पाहिजे. शिवाय यंत्र १५ ते ३२ अंशांत चालवायचं असतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असतात, त्यामुळे ते एसीच्या खोलीत ठेवलं आहे आणि शेजारी भिंतीवर तापमापी लावली आहे. त्या दिवशी तिथे २९ होते.

मी सिस्टरना ताईंच्या हाताच्या शिरेतून जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायला सांगितलं. त्या रक्तावर, नवी कार्ट्रिज नीट दहा मिनिटं ठेवून, पुन्हा तपासणी केली. आलं ६.८. म्हणजे थेंबाची चूक नव्हती. यंत्र जे म्हणत होतं त्यावर ते ठाम होतं. उरलं यंत्र आणि रक्त.

तीच ट्यूब धुळ्याच्या लॅबला पाठवली. एचबीएवनसीची ही एक सोय आहे: जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधलं रक्त थंड ठेवलं तर काही दिवस टिकतं, त्यामुळे गाडीने शहरात गेलं तरी आकडा हलत नाही. रक्तातल्या साखरेचं तसं नाही. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. करड्या बुचाच्या ट्यूबमधलं फ्लोराइडही पहिला तास-दीड तास ही गळती पूर्ण रोखू शकत नाही. म्हणून फास्टिंगचं रक्त गावातून शहरात पाठवून "साखर नॉर्मल आली" म्हणणं धोक्याचं असतं. ताईंच्या साखरेच्या तपासण्या मी गावातल्याच लॅबमध्ये, तिथल्या तिथे प्लाझ्मा वेगळा करून करवून घेतल्या.

लॅबचा आकडा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुळ्याचा रिपोर्ट आला. एचपीएलसी पद्धतीने, ६.६.

आता नियमाने पाहा. लक्षणं नसलेल्या माणसाला मधुमेही ठरवायला दोन बिघडलेले निकाल लागतात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची सूचना अशी की एचबीएवनसी वर आणि फास्टिंग नॉर्मल असे दोन निकाल जुळले नाहीत, तर जो रेषेच्या वर आहे तोच पुन्हा करायचा. तो पुन्हा वर आला की निदान पक्कं. क्लिनिकमधल्या यंत्राचा आकडा निदानासाठी धरायचा नाही असं म्हटलं तरी, लॅबमध्ये पुन्हा एकदा ६.६ आला असता की काम झालं असतं. आणि तो आलाच असता. अगदी नियमाने चालून मी एका बाईला आयुष्यभरासाठी मधुमेही ठरवलं असतं.

पण त्याच सूचनेत एक ओळ आणखी आहे, जी घाईत वाचायची राहते: लाल पेशींचं आयुष्य बदलणारी कोणतीही स्थिती असेल तर एचबीएवनसीवर निदान करायचं नाही, प्लाझ्मातल्या साखरेवरच करायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये निदानासाठी ६.५ ची रेषा मान्य केली तेव्हाही, आकडा वरखाली करणाऱ्या कारणांची यादी सोबत दिली होती.

म्हणून ताईंची ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट केली. रात्रभर उपाशी, सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी पुन्हा रक्त. उपाशीपोटी ९३, दोन तासांनी १२६. मधुमेहाच्या रेषा आहेत १२६ आणि २००. मधुमेहाआधीच्या टप्प्याच्या रेषा १०० आणि १४०. ताई दोन्हींच्या खाली होत्या.

आता माझ्यासमोर दोन वेगळी कोडी होती. यंत्र लॅबपेक्षा ०.३ ने वर का, हे एक. आणि लॅब स्वतःच साखरेपेक्षा इतकी वर का, हे दुसरं. पहिलं कोडं आमच्या यंत्राचं होतं, दुसरं ताईंच्या रक्ताचं. दोन्ही एकाच बाईत एकाच दिशेला आल्यामुळे ६.९ झाले होते.

यंत्राचे ०.३

०.३ चा फरक ऐकायला छोटा वाटतो. सेव्हन-एटच्या पुढे त्याने काही बिघडत नाही. पण ६.५ च्या आसपास तोच फरक माणसाला रेषेच्या अलीकडून पलीकडे नेतो.

लॅबमधलं एचपीएलसी यंत्र हिमोग्लोबिनचे वेगवेगळे भाग एका स्तंभातून एकामागून एक बाहेर काढतं आणि प्रत्येकाचा आलेख काढतं. एचबीएवनसीचं शिखर त्यात वेगळं दिसतं. आमचं छोटं यंत्र तसं काही वेगळं करत नाही. ते अँटिबॉडीच्या साहाय्याने साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन मोजतं, एकूण हिमोग्लोबिन वेगळं मोजतं, आणि एकाला दुसऱ्याने भागून टक्केवारी देतं. दुसऱ्या काही छोट्या यंत्रांत बोरोनेट वापरून हेच काम होतं. पद्धत कमअस्सल आहे असं नाही. फरक हा की लॅबमध्ये रोज कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, चालतात, एकच अभिकर्मक महिनाभर वापरला जातो, माणसं एकाच कामाला बसलेली असतात. छोट्या यंत्रात प्रत्येक कार्ट्रिज ही स्वतःत एक लॅब असते आणि तिचं मोजमाप कारखान्यात, लॉटप्रमाणे, आधीच ठरवलेलं असतं. लॉट बदलला की आकडा किंचित सरकू शकतो.

२०१० मध्ये नेदरलँड्समध्ये आठ छोट्या यंत्रांची कसून तुलना झाली तेव्हा त्यातली सहा स्वीकारार्ह कसोटीत बसली नव्हती. त्यानंतर यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत आणि चांगलं यंत्र नीट हातात असेल तर लॅबच्या जवळ जातं. पण "यंत्र प्रमाणित आहे" याचा अर्थ कारखान्यात, तज्ज्ञांच्या हाती, ठरावीक लॉटवर प्रमाणित आहे, एवढाच. माझ्या टेबलावरच्या पेटीबद्दल ते प्रमाणपत्र काही बोलत नाही.

आमचे कंट्रोल तर पास होत होते. नव्या लॉटच्या वेळी सिस्टरनी दोन्ही पातळ्यांचे कंट्रोल चालवले होते आणि वहीत "पास" लिहिलं होतं. मी वही काढून बसलो. खालच्या पातळीच्या कंट्रोलची मान्य मर्यादा एक पूर्ण टक्का रुंद होती, मधला आकडा ५.५. जुन्या लॉटवर आमचे आकडे होते ५.४, ५.५, ५.६. नव्या लॉटवर ५.८, ५.९, ५.८. सगळे मर्यादेच्या आत, म्हणून सगळे पास. पण सगळे मधल्या आकड्याच्या एकाच बाजूला. यंत्र चुकून इकडेतिकडे जात नव्हतं, ते सरळ वर सरकलं होतं. वहीत पास-नापास लिहिण्याऐवजी आकडे आलेखावर टाकले असते तर दुसऱ्या आठवड्यातच दिसलं असतं.

खात्री करण्यासाठी पुढच्या पंधरा दिवसांत १२ पेशंटच्या एकाच ट्यूबमधलं रक्त आमच्या यंत्रावर तपासलं आणि तीच ट्यूब धुळ्याला पाठवली. पेशंट मुद्दाम साडेपाचपासून साडेनऊपर्यंत पसरलेले घेतले, सगळे साडेसहाच्या जवळचे घेऊन चालत नाही. १२ पैकी ११ जणांत आमचा आकडा वर होता, सरासरी ०.३ ने. बारा म्हणजे शोधनिबंध नव्हे, पण आपल्याच यंत्राचा कल कळायला पुरे. तो लॉट आम्ही वितरकाला परत दिला. नव्या लॉटवर हाच प्रयोग केला तेव्हा फरक ०.१ च्या आत आला.

रक्तातलं कारण

आता उरलं लॅबचं ६.६. ते यंत्राच्या सरकण्याने आलं नव्हतं.

एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते आणि त्या सगळ्या दिवसांत रक्तातली साखर तिला हळूहळू चिकटत जाते. नवी पेशी कोरी असते, जुनी पेशी साखरेने माखलेली. म्हणून हा आकडा दोन गोष्टींवर चालतो: रक्तात साखर किती आहे, आणि रक्तातल्या पेशी सरासरी किती म्हाताऱ्या आहेत. आपण सगळे पहिलीच गोष्ट वाचतो. दुसरी नॉर्मल आहे असं गृहीत धरतो.

ताईंच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आत कागदासारखी पांढरी. हे मी पहिल्या दिवशीच पाहायला हवं होतं. शुगरच्या प्रश्नाने माझं लक्ष तिकडेच नेलं होतं. पाळीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "आठ-आठ दिवस जातं, गाठी पडतात. बायकांचं असतंच ना सर." सीबीसीत हिमोग्लोबिन ८.२, लाल पेशींची संख्या ४० लाख, पेशींचा आकार ६७. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ५. लोह पार संपलेलं होतं. धाप, थकवा, पोटऱ्यांचे गोळे, सगळ्याचं उत्तर इथे होतं.

पेशी लहान असल्या की थॅलेसेमियाची खूण आहे का तेही पाहावं लागतं, कारण हिमोग्लोबिन घडणीतच वेगळं असेल तर एचबीएवनसीच्या काही पद्धती गोंधळतात. पेशींच्या आकाराला दशलक्षांतल्या संख्येने भागायचा एक जुना ठोकताळा आहे. ६७ भागिले ४ म्हणजे १६ च्या वर. १३ च्या वर असेल तर लोहाच्या कमतरतेकडे कल, खाली असेल तर थॅलेसेमियाकडे. धुळ्याच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन करून आलेख मागवला. रिपोर्टच्या आकड्याखाली तो बारीक आलेख असतो, बहुतेक डॉक्टर तो पाहतच नाहीत. त्यात मोठं शिखर नेहमीच्या हिमोग्लोबिनचं, त्याआधी एचबीएवनसीचं नेटकं शिखर, आणि नंतर काहीच नाही. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या हिमोग्लोबिनचं शिखर असतं तर तिथे दिसलं असतं. नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हे पाहिल्याशिवाय मी कुठलाही विचित्र आकडा सोडत नाही.

लोह कमी पडलं की नव्या पेशी घडणं मंदावतं. कोऱ्या पेशींची आवक घटते आणि रक्तात जुन्या, साखरेने माखलेल्या पेशींचा वाटा वाढतो. साखर तीच, पण सरासरी पेशी म्हातारी. आकडा वर जातो. प्रत्येक पेशंटमध्ये तो सारखाच वाढत नाही, काहींत जवळपास वाढत नाही. ताईंच्यात तो वाढला होता. आणि ही वाढ आमच्या यंत्राने दाखवली, लॅबनेही दाखवली, कारण दोघंही प्रामाणिकपणे तेच मोजत होते. आमच्या यंत्राने कुठली सूचनाही दिली नाही. त्याला हिमोग्लोबिन ७ च्या वर असलं की पुरे असतं. ८.२ ला ते निमूट आकडा देतं.

मी ताईंना म्हटलं, "ताई, तुम्हाला शुगर नाही. अंगात रक्त नाही."

त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मशीन खोटं बोललं?"

"मशीन थोडं वर सरकलं होतं, ते आमचं काम. पण बाकीचं त्याने खरंच मोजलं. तुमच्या पेशी जुन्या झाल्यात, त्या नव्या यायला हव्यात."

पुढचे सहा महिने

लोहाची गोळी सुरू केली आणि त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयाची गाठ सापडली आणि रक्तस्रावावर उपचार सुरू झाले. ते झाले नसते तर लोह गळक्या माठात ओतण्यासारखं होतं.

सातव्या आठवड्यात ताईंचा आनंदाने फोन आला. शेजारच्या गावी आरोग्य शिबिर होतं, तिथे तशाच छोट्या यंत्रावर तपासलं तर ५.३ आलं होतं. "सर, पूर्ण गेली बघा!" त्यांना आणि मनातल्या मनात मलाही थांबवावं लागलं. लोह मिळाल्यावर हाडांतला मगज एकदम कामाला लागतो आणि रक्तात कोऱ्या पेशींची झुंबड उडते. आता सरासरी पेशी खऱ्यापेक्षा तरुण असते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो. आधीचं ६.६ जितकं भ्रामक होतं, तितकंच हे ५.३ होतं, फक्त उलट दिशेने. उपचारांच्या मधल्या काळात एचबीएवनसी करूच नये. मी त्यांना सांगितलं की हिमोग्लोबिन बारापर्यंत पोचून स्थिर झाल्यावर तीन महिने जाऊ द्या, जुन्या पेशींची पूर्ण पिढी बदलू द्या, मग पाहू.

ऑक्टोबरच्या शेवटी पाहिलं. हिमोग्लोबिन जुलैपासून बाराच्या वर होतं, फेरिटिन ४१. आमच्या यंत्रावर ५.८, धुळ्याला त्याच ट्यूबमधून ५.७. फास्टिंग ९६. आता सगळे आकडे एका ओळीत होते, आणि त्यांनी जे सांगितलं ते पूर्ण गोड नव्हतं: मधुमेह नाही, पण ५.७ ला मधुमेहाआधीचा टप्पा सुरू होतो, आणि आई मधुमेही आहे. दर वर्षी तपासणी करायची, वजन चार किलो कमी करायचं असं ठरलं. मेटफॉर्मिनची गरज नव्हती.

आता आम्ही कुणाला लॅबकडे पाठवतो

हे प्रकरण झाल्यावर मी आणि सिस्टरनी बसून ठरवलं की यंत्राचा आकडा कधी पुरतो आणि कधी नाही.

जुना मधुमेही, यंत्रावर ९.६, घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी सव्वादोनशे-अडीचशे: इथे लॅबची वाट पाहत बसणं म्हणजे उपचार लांबवणं. आकडा ९.३ असो की ९.९, औषध बदलायचंच आहे. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे. पेशंट समोर बसलेला असताना आकडा हातात असतो आणि बोलणं त्याच भेटीत पूर्ण होतं. वीस किलोमीटरवरून आलेला माणूस रिपोर्टसाठी पुन्हा येईलच असं नाही.

नवं निदान मात्र यंत्रावर कधीच नाही. यंत्रावर ६ ते ७ च्या मधला कोणताही आकडा आला की ट्यूब लॅबला जाते. चांगल्या यंत्रावरही पुनरावृत्तीतला चढउतार तीन टक्क्यांच्या आसपास असेल तर खरा ६.५ चा आकडा ६.१ पासून ६.९ पर्यंत कुठेही दिसू शकतो. म्हणून त्या पट्ट्यात एक आकडा म्हणजे काहीच नाही. फॉलोअपमध्येही तसंच. मागच्या वेळी ७.४, आता ७.०, म्हणून गोळी कमी करा, असं मी आता करत नाही. ७ च्या जवळ यंत्रावरचा साधारण ०.६ पर्यंतचा फरक निव्वळ मोजण्याचा असू शकतो. लॅबमध्ये तोच साधारण ०.४ पर्यंत येतो. दोन भेटींची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच यंत्रावरचे, शक्य तर एकाच लॉटचे हवेत. एकदा यंत्रावर, एकदा लॅबमध्ये मोजून त्यातून "सुधारणा" काढणं चुकीचं.

आणि मग ताईंसारखे पेशंट, ज्यांच्यात लॅबही उत्तर देत नाही. आता यंत्राला हात लावण्याआधी सिस्टर पापणी पाहतात आणि चार गोष्टी विचारतात: रक्त चढवलंय का, सिकल आहे का, गरोदर आहे का, डायलिसिस किंवा रक्तवाढीची इंजेक्शनं चालू आहेत का. यातलं एकही "हो" आलं तर कार्ट्रिज फोडायचीच नाही, साखरेवर जायचं. सिकलमध्ये खेळ उलटा होतो. दोन्ही पालकांकडून सिकल आलेल्या माणसाच्या लाल पेशी लवकर तुटतात, त्या जुन्या होऊच शकत नाहीत, त्यामुळे खरी साखर दोनशेच्या वर असताना आकडा साडेपाच दाखवू शकतो. त्याच्या रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिनच नसतं, म्हणून एचबीएवनसी हा शब्दच त्याला लागू होत नाही, पण काही यंत्रं तरीही एक टक्केवारी छापतात. हे खोटं समाधान खोट्या निदानापेक्षा जास्त घातक आहे, कारण त्यात मधुमेही माणूस बिनउपचार घरी जातो. एकाच पालकाकडून सिकल आलेल्यांत पेशींचं आयुष्य जवळपास नेहमीचं असतं, तिथे प्रश्न पद्धतीचा असतो. कोणत्या पद्धतीला कोणतं हिमोग्लोबिन अडथळा करतं ते अमेरिकेतला एनजीएसपी हा प्रमाणीकरण कार्यक्रम यंत्रानुसार प्रसिद्ध करतो. आपलं यंत्र विकत घेण्याआधी ते पाहिलं पाहिजे, मी नंतर पाहिलं.

अशा लोकांसाठी फास्टिंग, जेवणानंतरची साखर, गरज पडली तर फ्रुक्टोसामाइन. फ्रुक्टोसामाइन लाल पेशींवर नाही, रक्तातल्या प्रथिनांवर चालतं आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं. पण लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृत बिघडलं असेल तर तेही डगमगतं.

यंत्राच्या शेजारी, तापमापीच्या खाली, सिस्टरनी आता एक छोटा तक्ता चिकटवला आहे. डावीकडे एचबीएवनसी, उजवीकडे त्याची सरासरी साखर: ६ ला १२६, ७ ला १५४, ८ ला १८३, ९ ला २१२. आकडा आला की त्या आधी तक्त्याकडे पाहतात, मग पेशंटच्या ग्लुकोमीटरच्या वहीकडे. दोन्ही जुळले नाहीत की पेशंटला माझ्याकडे पाठवण्याआधीच जांभळ्या बुचाची ट्यूब भरतात आणि तिच्यावर पेनाने लिहितात, "सीबीसी पण".